आरच्या पायातली खाच

मी काय काम करते हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. आई शेजारणीला सांगते, "मंजुषा पाकिटं पाह्यते." मग शेजारीण विचारते, "आन् त्याचा पगार देतात?" आई म्हणते, "देतात वो बाप्पा, दर महिन्याले." पुढे दोघी माझ्याकडे अशा बघतात, जणू मला आजार झालाय आणि औषध अजून निघालेलं नाही.

वापरलेल्या महागड्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत मी आहे. कंपनी गुरुग्रामला, मी चंद्रपूरला, जटपुरा गेटजवळच्या घरात माडीवर. लोक आपली परदेशी पाकिटं विकायला काढतात आणि फोटो पाठवतात. पाकीट खरं की बनावट ते त्या फोटोंवरून मी ठरवते. सगळा खेळ असतो चामड्यावर उठवलेल्या नावाचा. पितळी ठसा तापवतात, मध्ये सोनेरी फॉइल धरतात आणि चामड्यावर दाबतात. नाव चामड्यात रुततं आणि सोनं खाचेत बसतं. खऱ्या पाकिटावर प्रत्येक अक्षर सारखंच खोल जातं आणि कडा स्वच्छ राहतात. बनावट करणाऱ्याला घाई असते. त्याचा ठसा जास्त तापतो, मग अक्षराभोवतीचं चामडं चमकतं. नाहीतर ठसा तिरका बसतो, मग एक टोक खोल जातं आणि दुसरं उथळ राहतं.

हे दिसायला फोटो नीट हवा. उजेड बाजूने, खिडकीतून आला पाहिजे, म्हणजे खाचेत सावली पडते आणि सावलीवरून खोली कळते. फ्लॅश मारला की सावली मरते. मग विहीर काय आणि डबकं काय, सगळं सपाट. मी रोज लोकांना लिहिते की कृपया फ्लॅश बंद करून खिडकीजवळ फोटो काढा. लोक रोज ट्यूबलाइटखाली, फ्लॅश मारून, स्वतःच्या अंगठ्यासकट फोटो पाठवतात. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. हे फोटो आठ दिवस बघावेत त्यांनी, मग बोलावं.

तर त्या सकाळी माझ्यासमोर एक पाकीट आलं. काळं, गुळगुळीत चामडं, वर सोनेरी अक्षरांत 'व्हालमोरा'. ही इटलीची कंपनी. विकणाऱ्याचं नाव आम्हाला दिसत नाही, पार्सल कुठल्या केंद्रातून उचलायचं तेवढंच दिसतं. तिथे लिहिलं होतं, चंद्रपूर. गडचिरोलीकडचा मालही याच केंद्रातून उचलतात. आमच्याकडे व्हालमोरा कोण वापरतं, असं म्हणून मी हसले आणि फोटो मोठा केला. तिथेच माझं हसू गेलं.

नावातलं सहावं अक्षर इंग्रजी आर. त्याच्या तिरक्या पायात एक बारीक खाच होती. तेवढ्या जागी सोनं तुटलेलं, अगदी मोहरीएवढं. ही खाच मी आधी पाहिली होती. मोबाइलमध्ये धाकट्या बहिणीच्या, दिव्यानीच्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो काढले. होणारा जावई रोशन पाटावर बसलाय आणि आमचे भैयाजी मामा त्याला पाकीट देताहेत. देण्याआधी त्यांनी ते हॉलभर मिरवलं होतं. "अस्सल इटलीचं हाय! मंजुषा, घे फोटो!" मी फ्लॅश मारून फोटो घेतला, कारण हॉलमध्ये अंधार होता. पाकीट हातात घेऊन बघू म्हटलं, तर मामांनी चटकन काढून घेतलं. मामाने दिलेली वस्तू उलटून पालटून पाहू नये अशी आमच्याकडे रीत आहे. तो मामाचा मान. मी पाहिली नाही.

दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तोच रंग, तेच नाव, आरच्या पायात तीच खाच. चामड्यात बारीक छिद्र असलं की तिथे फॉइल धरत नाही, आणि तसं छिद्र ज्याचं त्याचं असतं, अंगावरच्या तिळासारखं. म्हणजे पाकीट तेच. साक्षगंधाला महिना झाला नाही आणि नवरदेवाने मामाची भेट विकायला काढली.

मी जिना उतरून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं. आवाज खाली ठेवायचा असं ठरवलं होतं. तो राहिला नाही. दिव्यानी दारातच उभी होती.

"तो तर म्हणे का छातीजवळच्या खिशात ठेवून राह्यलो," ती म्हणाली. "रोज सांगते मले फोनवर." तिचा चेहरा एवढासा झाला. मग तो ताठ झाला, आणि तो ताठ झालेला मला जास्त वाईट वाटतो. "ताई, त्यानं विकलं असन तं मी नाई करत लग्न. पाकिटाचं काई नाई. पण रोज खोटं बोलणारा नोको मले."

"अवो, फोन लावून विचार ना त्याले," आई म्हणाली.

"खोटं बोलायचं असन तं फोनवर अजून बोलन. ताई, तू जा. डोयानं पाह्य आन् मले सांग."

मुलीने लग्नाआधी सासरी जायचं नसतं, म्हणून चामोर्शीला रोशनच्या घरी मी जायचं. एकटीने जाणं बरं दिसत नाही, आणि सोयरीक मामांनीच जुळवलेली, म्हणून मामांनी यायचं. आईने घुग्घुसला मामांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

भैयाजी मामांची ख्याती अशी की लग्नात वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी ते वरात अडवतात. मी कान बंद करायच्या तयारीत होते. पण मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ दे ना बाई. पोराची चीज हाय, विकू दे त्याले. मंजुषा, तू फक्त पास करून टाक."

"पास?" मी म्हणाले. "मामाजी, तुम्ही दिलेलं पाकीट तो विकून राह्यला!"

"म्हून तं म्हंतो. पास कर, लवकर विकलं जाते, विषय मिटते."

मला वाटलं, वयाने माणूस सुधारतो म्हणतात ते हेच असेल. आईने मात्र ऐकलं नाही. ती मामांची थोरली बहीण. "गाडी घेऊन ये, भैया," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मामा येईपर्यंत मी काम केलं. त्या विक्रेत्याचा फोटो फ्लॅशचाच होता. मी नेहमीचा संदेश पाठवला की फ्लॅश बंद करून, पाकीट खिडकीजवळ धरून, अगदी समोरून एक फोटो पाठवा. माणूस नमुनाच असावा, कारण फोटो लगेच आला नाही. मामाही लगेच आले नाहीत. आले तेव्हा घामाघूम होते.

"इतका उशीर काऊन?" आईने विचारलं.

"घराबाहेर उन्हात जरा काम होतं," मामा म्हणाले.

गाडी मूलच्या रस्त्याला लागली तेव्हा तो फोटो आला; आमच्या ॲपमध्ये फोटो कधी कधी तासभर अडकून बसतो. पण उन्हात मोबाइलच्या पडद्यावर मला काही दिसेना, त्यात मामा गाडी खड्ड्यातून नेत होते आणि दर दोन मैलांनी विचारत होते, "त्या पाकिटाचं काय केली? पास झालं?" मी म्हणे, नाही. वैनगंगेचा पूल आला तरी त्यांचं तेच. शेवटी मी म्हणाले, "मामाजी, तुम्हाले भाच्चीच्या लग्नाची काळजी हाय का पाकिटाची?" त्यावर मामांनी चामोर्शीपर्यंत नुसतं धानाकडे पाहिलं.

रोशनचं घर बाजाराच्या रस्त्यावर. पुढे त्याचं कृषी केंद्र, मागे घर. त्याची आई शकुबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून ती उठली आणि सूप हातातून सुटलं. आगाऊ न सांगता मुलीकडचे आले की कोणीही गडबडतं, पण ही बाई माझ्याकडे बघून पांढरीफटक पडली. मामांकडे तिचं लक्षच नव्हतं. मला वाटलं, चोर सापडला.

"या जी भाऊ. ये मंजुषा. काई... काई पाह्याले आली का?" ती म्हणाली.

"हो काकू," मी म्हणाले. "पाकीट."

तिचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला, आणि तो का पडला ते कळेना. तिने रोशनला हाक मारली. रोशन दुकानातून युरियाच्या पिशव्यांची धूळ झटकत आला. उंच, लाजरा पोरगा. मी सरळ विचारलं, "रोशन, मामाजींनं देल्लं ते पाकीट दाखवता का?"

त्याचा हात छातीकडच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. कान लाल झाले. मी म्हणाले, "काढा ना." त्याने काढलं. फाटकं, कडेने शिवण सुटलेलं, रबर लावलेलं जुनं पाकीट. रबराखाली दिव्यानीचा पासपोर्ट फोटो होता.

"हे नाई," मी म्हणाले. "ते कुठी हाय?"

तो पाकिटावरचं रबर नीट करत राहिला. मी मनात दिव्यानीला काय सांगायचं ते जुळवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला आपलं म्हणणं बरोबर ठरू नये असं वाटत होतं.

"आई," रोशन हळूच म्हणाला, "आण ना ते."

शकुबाई आत गेली. देवघरातून काहीतरी घेऊन बाहेर आली. लाल कापड सोडलं, आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात व्हालमोरा. तेलाने असं तुकतुकीत झालेलं की हातातून निसटावं.

"त्याले हातच नाई लावू देत मी," शकुबाई अभिमानाने म्हणाली. "एवढी भारी चीज, युरियाच्या दुकानात वापरते का कोणी? दर शनिवारी जवसाचं तेल लावतो, म्हंजे चामडं तडकत नाई. आख्खं चामोर्शी पाहून गेलं."

"मी दिव्यानीले सांगतलं का खिशात ठेवतो," रोशन पुटपुटला. "आईनं ठेवून देल्लं हे कसं सांगू? तुम्ही नोका सांगू जी तिले."

मला त्या क्षणी त्या पोराला मिठी मारावीशी वाटली. पाकीट इथेच होतं. कोणी काही विकलं नव्हतं. बहिणीचं लग्न जागेवर होतं. मी मोठा श्वास घेतला आणि सवयीने नजर आरच्या पायाकडे गेली. खाच होतीच. मोहरीएवढी. त्याच जागी.

मग माझ्या मोबाइलमध्ये विकायला आलेलं पाकीट कोणाचं?

मी दारात गेले, जिथे उजेड बाजूने येत होता, आणि पाकीट हातात धरून मोबाइलमध्ये वाटेत आलेला, उन्हात काढलेला फोटो शेजारी ठेवला. दोन पाकिटं, दोन्हींच्या आरला एकाच जागी एकच खाच. माझ्या डोक्यात आता उजेड पडला आणि सोबत स्वतःचा रागही आला. चामड्यातलं छिद्र एका पाकिटापुरतं असतं. पण ठशाचाच कोपरा उडालेला असेल, तर त्या ठशाने जितकी पाकिटं उठवाल तितक्या सगळ्यांना तीच खाच येणार. मी तीळ समजत होते ती साच्याची खोड होती. हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं, आणि बहिणीची गोष्ट आली तशी मी ते विसरले.

खऱ्या कंपनीचाही ठसा कधी झिजतो, म्हणून एका खाचेवरून निकाल देत नाहीत. मी अंतरं पाहिली. व्ही आणि ए ही दोन्ही तिरकी अक्षरं, खऱ्या नावात ती एकमेकांत शिरून बसतात. इथे सगळ्या अक्षरांमध्ये पट्टीने मोजल्यासारखं सारखं अंतर सोडलेलं, त्यामुळे व्ही एकटाच लांब पडलेला. फोटो तिरका असेल तर अंतरं फसवतात, म्हणून ती अक्षराच्या उंचीशी ताडून बघतात. तसं पाहिलं. फोटोत आणि हातात, दोन्हीकडे तीच बोंब. मग खोली. व्ही खोल खड्ड्यात, शेवटचा ए नुसता वर टेकलेला. तेलाने चामडं फुगतं आणि खाचा बुजतात, पण सगळ्या सारख्याच. एक टोक खोल आणि एक उथळ करणं हे तेलाचं काम नाही, हा ठसाच तिरका बसलेला. शिवाय व्हीभोवती चामडं भाजून चमकलेलं.

दोन्ही बनावट. एकाच कारखान्यातली जुळी भावंडं.

"काय झालं वो?" शकुबाईने विचारलं. मामा अंगणातल्या पाण्याच्या टाकीत काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते.

मी मोबाइलवर त्या विक्रेत्याची नोंद उघडली आणि 'बनावट, स्वीकारता येत नाही' हे बटण दाबलं. निकाल लगेच विक्रेत्याला जातो.

टिडिंग.

आमच्या ॲपचा आवाज मी झोपेतही ओळखते. तो मामांच्या खिशातून आला होता. मामांनी खिशावर हात दाबला. मी दुसरा संदेश लिहिला, 'काही शंका असल्यास कळवा.' टिडिंग. मामांनी दोन्ही हात खिशावर दाबले.

"मामाजी," मी म्हणाले, "शंका हाय का काई?"

भैयाजी मामा बाजेवर बसले. एवढा मोठा माणूस मी असा बसलेला कधी पाहिला नव्हता. "एकावर एक फुकट होतं, बाई," ते म्हणाले. "नागपूरच्या रस्त्यावर एक जण गाडी लावून विकून राह्यला होता. म्हणे कंपनीचाच माल हाय. एक रोशनले देल्लं. दुसरं घरी पडलं होतं. तू तं या कंपनीत हायस, म्हटलं आपलीच पोरगी पास करन."

"आन् मी रोशनवर शक घेतला तवा?"

"म्हून तं म्हटलं ना, पास करून टाक!"

शकुबाई जागची हलली नव्हती. "मंजुषा, म्हंजे हे बी?" तिने माझ्या हातातल्या पाकिटाकडे बोट केलं. "असली नाई?"

खोटं बोलावं असं फार मनात आलं. अख्ख्या चामोर्शीने पाहिलेलं पाकीट, देवाशेजारी ठेवलेलं, दर शनिवारी तेल पाजलेलं. मुलीकडच्यांनी बनावट भेट दिली म्हणून मोडलेल्या सोयरिकी मी ऐकल्या आहेत. पण नजर फिरवून बोलायला मला जमत नाही. "नाई काकू," मी म्हणाले. "बनावट हाय. आमची चूक हाय."

शकुबाई मटकन पायरीवर बसली. तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले, रोशन पाणी आणायला धावला, मामांनी हात जोडले. जवळून पाहिलं तर बाई हसत होती. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

"मंग मी बी सांगून टाकतो," ती माझ्या कानाशी म्हणाली. "दिव्यानीले साक्षगंधात देल्ली ते पैठणी हाय ना. हातमागाची नाई वो ते. मशीनची हाय. सुरतेची. ते हातमागाचं लेबल मी माह्या बहिणीच्या साडीचं काढून शिवलो. तवापासून झोप नाई मले. सारे म्हंत, पोरीची बहीण फोटोतनं असली-नकली ओयखते. तू आज दारात दिसली तं मले वाटलं, साडीसाठीच आली."

म्हणजे मला बघून ती पांढरी पडली होती ती यासाठी. माझं काम काय आहे हे नीट कळलेली आमच्या दोन्ही घरांतली ती एकमेव बाई निघाली. मलाही हसू आवरेना. हसण्याचं कारण मामा विचारत राहिले, ते आम्ही सांगितलं नाही.

"दिव्यानीले नोको सांगू," शकुबाई म्हणाली. "लई आवडली म्हणे तिले."

मग तिने पाकीट उचललं, कापड, पिशवी आणि वर्तमानपत्र बाजूला टाकलं आणि ते रोशनकडे फेकलं. "घे रे. वापर आता."

रोशनने ते इतक्या आनंदाने झेललं की खरं व्हालमोरा देणाऱ्यालाही तसा चेहरा बघायला मिळत नसेल. त्याने रबर सोडलं, जुन्या पाकिटातला फोटो काढला, शर्टाला पुसला आणि नव्यात ठेवला. पाकीट छातीजवळच्या खिशात घातलं. जवसाच्या तेलाचा डाग शर्टावर लगेच उमटला. त्याला त्याचं काही नव्हतं.

परत येताना मामा फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या पाकिटाचं काय करायचं एवढं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वापरा. ते म्हणाले, "बनावट वापरू?" अजून जीभ शिल्लक होती म्हणायची.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दिव्यानी जिन्याच्या पायरीवर बसून होती. सकाळी बांधलेले केस तसेच, जेवली नव्हती हे आईने खुणेने सांगितलं.

"विकलं?" तिने विचारलं.

"नाई," मी म्हणाले. "त्याच्यापाशीच हाय. छातीजवळच्या खिशात. तुहा फोटो हाय त्यात. मी डोयानं पाहून आली."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दिव्यानी रडली, मग हसली, मग मला मारलं, आणि मग आत जाऊन कपाटातून ती साडी घेऊन आली. तिने ती माझ्या मांडीवर पसरली, पदर उलगडला. "पाह्य ना ताई. तुनं अजून नीट पाह्यलीच नाई. काय सुंदर काम हाय!"

हातमागाच्या पदरावर मोर उलट्या बाजूनेही सुलट्यासारखाच स्वच्छ दिसतो, मशीनच्या साडीला मागे धाग्यांची जाळी लोंबते. पदर नुसता पालटायचा अवकाश. माझा हात सवयीने पदराच्या टोकाकडे गेलाही होता.

मी तो हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"लई सुंदर हाय," मी म्हणाले.